गादी, नळी, छिद्र आणि नस

२०१७ साली ‘द स्पाइन जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण झोप उडवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६३ वर्षांच्या एका अमेरिकन बाईंना कंबरदुखी होती आणि उजव्या पायात कळ उतरत होती. त्यांचा कंबरेचा एमआरआय तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. एवढ्या काळात मणक्यांत सहसा फारसं काही बदलत नाही, त्यामुळे दहाही रिपोर्ट साधारण सारखे यायला हवे होते. प्रत्यक्षात दहा रिपोर्टांत मिळून ४९ निरनिराळे दोष नोंदवलेले निघाले. त्यांतला एकही दोष दहाही रिपोर्टांत नव्हता. नऊ रिपोर्टांत आलेला दोष फक्त एक होता. आणि जवळजवळ एक तृतीयांश दोष असे होते की ते एकाच कुणाला तरी दिसले, बाकी नऊ जणांच्या रिपोर्टांत त्यांचा उल्लेखच नव्हता.

यात मशीन कमी-जास्त दर्जाची असण्याचा भाग आहे, वाचणाऱ्याच्या नजरेचाही आहे. पण एमआरआय वाचणारा डॉक्टर म्हणून मला यात तिसरं कारण दिसतं, आणि ते हातात धरून दुरुस्त करता येण्यासारखं आहे. ते म्हणजे रिपोर्ट लिहिण्याची पद्धत. बरेच रिपोर्ट सलग गद्यात लिहिले जातात. डॉक्टरांना जे ठळक दिसलं ते लिहिलं, जे लिहिण्यासारखं वाटलं नाही ते सोडलं. मग रिपोर्टात तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या डाव्या छिद्राबद्दल काहीच नसेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? ते छिद्र पाहिलं आणि मोकळं होतं, की पाहिलंच नाही? सलग गद्यात या दोन गोष्टी एकसारख्याच दिसतात.

यावरचा उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी ठरावीक साचा वापरला जातो. रेडिऑलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका या संस्थेने तर निरनिराळ्या तपासण्यांच्या अशा साच्यांचा संग्रहच सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. कंबरेच्या एमआरआयचा साचा दिसायला अगदी साधा असतो. कंबरेचे पाच मणके आणि त्यांच्याखालचं माकडहाड यांच्यामध्ये पाच गाद्या असतात. यांतल्या प्रत्येक गादीच्या पातळीला तेच चार प्रश्न विचारायचे : गादी कशी आहे, नळी किती मोकळी आहे, दोन्ही बाजूंची छिद्रं कशी आहेत, आणि नसांच्या मुळांना काय झालं आहे. उत्तर ‘ठीक आहे’ असं असलं तरी ते लिहायचंच.

एमआरआयचा रिपोर्ट आज घरोघरी आहे. फायलीत घडी घालून ठेवलेला तो कागद पाहुण्यांनाही दाखवला जातो, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप आली’ असे त्याचे अर्थ लावले जातात. म्हणून त्या चार प्रश्नांच्या मागे काय आहे, ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी मणके मोजायचे. हे काम क्षुल्लक वाटतं, पण सगळा रिपोर्ट त्यावर उभा असतो. कंबरेच्या मणक्यांना एल१ ते एल५ म्हणतात आणि माकडहाडाच्या पहिल्या भागाला एस१. पण काही माणसांत शेवटचा मणका एका किंवा दोन्ही बाजूंनी माकडहाडाशी जोडलेला असतो, आणि काहींत उलट, माकडहाडाचा पहिला भाग सुटा होऊन सहाव्या मणक्यासारखा दिसतो. अशा वेळी एक डॉक्टर ज्या गादीला एल४-५ म्हणेल, तिलाच दुसरा एल५-एस१ म्हणू शकतो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मात्र टेबलावर एक्स-रे पाहून खालून मोजणार असतो. मोजणी जुळली नाही तर निरोगी गादी उघडली जाण्याचा धोका असतो. म्हणून चांगल्या साच्यात पहिलीच ओळ असते : मणके कसे मोजले, रचना नेहमीची आहे की मधली. मधली असेल तर हेही लिहायचं की आपण शेवटची पूर्ण गादी कोणती धरली आहे.

आता गादीकडे येऊ. गादीचा मधला भाग तरुणपणी पाणीदार असतो आणि एमआरआयच्या टी२ या चित्रांत तो पांढरा दिसतो. वयानुसार पाणी कमी होतं आणि तोच भाग काळा पडतो, गादीची उंचीही घटते. रिपोर्टात याला ‘डेसिकेशन’ असा भारदस्त शब्द असतो. पण हा बहुधा वयाचा खुणावणारा रंग असतो. खरा प्रश्न गादीचा काही भाग आपल्या हद्दीबाहेर आला आहे का, हा आहे.

इथे शब्दांचा घोळ फार जुना होता. बल्ज, हर्निएशन, प्रोलॅप्स हे शब्द जो तो आपापल्या अर्थाने वापरत असे. शेवटी अमेरिकेतल्या तीन संस्थांनी, मणक्याचे सर्जन आणि रेडिऑलॉजिस्ट या दोघांच्या, एकत्र बसून व्याख्या ठरवल्या आणि २०१४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. गादीच्या परिघाच्या चौथ्या हिश्शाहून मोठा भाग थोडासा पसरून बाहेर आला असेल तर तो बल्ज. त्याला हर्निएशन म्हणायचं नाही. चौथ्या हिश्शाहून लहान, एकाच जागी बाहेर आलेला भाग म्हणजे हर्निएशन. त्यातही बाहेर आलेल्या भागाचा पाया त्याच्या पुढच्या पसाऱ्याहून रुंद असेल तर प्रोट्रूजन. पाया अरुंद आणि पुढचा भाग त्याहून मोठा असेल तर एक्स्ट्रूजन. तुकडा गादीपासून पूर्ण सुटला असेल तर सिक्वेस्ट्रेशन. या व्याख्या केवळ आकाराच्या आहेत. दुखापत कशी झाली, दुखतं का, ऑपरेशन हवं का, यांतलं काहीही त्या शब्दांत अभिप्रेत नाही, असं ती व्याख्या करणाऱ्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

आकारासोबत जागाही लिहायची. हर्निएशन मधोमध आहे, की मध्यापासून थोडं बाजूला नळीच्या कोपऱ्यात, की छिद्रात, की छिद्राच्याही बाहेर. ही जागा रिपोर्टातली सर्वांत महत्त्वाची बातमी आहे, कारण कोणती नस सापडणार हे तिच्यावरून ठरतं.

नसांची रचना समजून घ्यायला एक ओळखीचं दृश्य पुरेल. एसटीत आपला थांबा जवळ आला की प्रवासी उठून दाराजवळ येऊन उभा राहतो. नसेचं मूळही तसंच वागतं. एल५ची नस आपल्या छिद्रातून बाहेर पडण्याच्या एक पातळी आधीच, म्हणजे एल४-५ गादीच्या मागेच, नळीच्या कोपऱ्यात येऊन थांबलेली असते. एल४ची नस तेव्हा आपल्या थांब्यावर, म्हणजे त्याच पातळीच्या छिद्राच्या वरच्या भागात, उतरत असते. त्यामुळे एल४-५ची गादी कोपऱ्याकडे सरकली तर एल५ची नस चेपली जाते. तीच गादी आणखी बाहेर, छिद्रात सरकली तर एल४ची नस चेपली जाते. गादी एकच, बाजू एकच, पण दोन सेंटिमीटरही नसलेल्या फरकाने नस बदलते. आणि नस बदलली की पायात दुखण्याची जागा बदलते. एल५ दुखते तेव्हा कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या बाजूवर, अंगठ्याकडे जाते. एल४ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्याकडे आणि नडगीच्या आतल्या बाजूला उतरते.

दुसरा प्रश्न नळीचा. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांची मुळं एका पाणीदार पिशवीत सुटी लोंबत असतात. पूर्वी नळीचं माप मिलिमीटरमध्ये देत. समोरून मागचं अंतर १० मिलिमीटरहून कमी भरलं की नळी अरुंद. ते माप आजही दिलं जातं, पण ते हाडाचं अंतर सांगतं, आतल्या नसांना किती जागा उरली ते नाही. मागचा पिवळा लिगामेंट जाड झाला, सांधे फुगले, तर हाडाचं माप ठीक असूनही पिशवी दाबली जाऊ शकते.

२०१० साली स्वित्झर्लंडमधल्या शिझास आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी पद्धत मांडली. मोजपट्टी बाजूला ठेवायची आणि आडव्या कापात पिशवीकडे पाहायचं. पाणी पांढरं दिसतंय आणि त्यात नसांची मुळं स्वतंत्र दिसतायत, तर ग्रेड ए. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, म्हणून मोकळ्या नळीत मुळं बहुधा मागच्या बाजूला टेकलेली दिसतात. मुळांनी सगळी पिशवी व्यापली आहे पण मधूनमधून पाणी दिसतंय, चित्र दाणेदार आहे, तर ग्रेड बी. मुळं वेगळी ओळखूच येत नाहीत, पिशवी सरसकट करडी झाली आहे, तर सी. आणि मागची चरबीसुद्धा नाहीशी झाली असेल तर डी. त्यांच्या अभ्यासात सी आणि डी गटातल्या लोकांना औषध-व्यायामाने आराम मिळण्याचं प्रमाण कमी होतं. मला ही पद्धत आवडते, कारण ती नसांची अवस्था थेट पाहायला लावते आणि दोन डॉक्टरांमध्ये मिलिमीटरभरावरून वाद होत नाही.

तिसरा प्रश्न छिद्रांचा. बाजूने काढलेल्या टी१ चित्रांत चरबी पांढरी दिसते. निरोगी छिद्रात पांढऱ्या चरबीच्या मध्ये नसेचा करडा ठिपका सगळीकडून मोकळा दिसतो. चरबी समोरासमोरच्या दोन बाजूंनी गेली तर पहिली पायरी, चारही बाजूंनी गेली तर दुसरी, आणि नसेचा आकारच चेपला गेला तर तिसरी. ‘बायलॅटरल न्यूरल फोरॅमिनल नॅरोइंग’ हे वाक्य आपल्याकडच्या रिपोर्टांत सढळ हाताने येतं. त्यात यांतली कोणती पायरी, हे लिहिलेलं नसेल तर त्या वाक्यावरून काही करता येत नाही.

चौथा प्रश्न नसेच्या मुळाचा, आणि उत्तर पुन्हा चार पायऱ्यांत. गादीचा स्पर्श नाही, स्पर्श आहे, नस जागेवरून ढकलली गेली आहे, किंवा नस चेपली गेली आहे. झुरिचचे रेडिऑलॉजिस्ट फिरमान यांनी २००४ साली ही पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. स्पर्श आणि चेपणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्पर्श दुखणं नसलेल्या माणसांतही पुष्कळदा दिसतो.

आता हे सगळं एका माणसाच्या बाबतीत लावून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण असे रुग्ण कंबरेच्या एमआरआयसाठी नेहमी येतात. ४४ वर्षांचे एक शेतकरी, द्राक्षबागेत छाटणीची कामं करणारे. तीन आठवड्यांपूर्वी कंबरेत कळ आली, दोन-तीन दिवसांत ती कंबरेपेक्षा उजव्या पायात जास्त झाली. मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वर अंगठ्यापर्यंत. चप्पल घालताना उजवा अंगठा नीट उचलत नाही, असं ते सांगतात. डाव्या पायाला काहीही नाही. लघवी-संडास ठीक.

सलग गद्यातला रिपोर्ट साधारण असा येऊ शकतो : एल३-४, एल४-५ आणि एल५-एस१ या पातळ्यांवर डिस्क बल्ज, थेकल सॅक दाबलेली, दोन्ही बाजूंच्या नसांवर दाब. हे वाचून घरच्यांना तीन गाद्या गेल्या आणि दोन्ही पाय जाणार, असं वाटतं. सर्जनलाही कोणत्या पातळीबद्दल आणि कोणत्या बाजूबद्दल विचार करायचा, ते समजत नाही. त्याला फिल्म उजेडासमोर धरून पुन्हा सगळं पाहावं लागतं.

साच्यात लिहिताना एल३-४ला चारही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात : गादी किंचित पसरलेली, नळी ए, दोन्ही छिद्रं मोकळी, नसांना स्पर्श नाही. एवढं लिहिल्यावर ती पातळी या दुखण्यातून बाजूला होते. त्यानंतर एल४-५ :

गादी : पाणी कमी झालेली, उंची किंचित घटलेली. उजव्या बाजूच्या नळीच्या कोपऱ्यात एक्स्ट्रूजन, समोरून मागे ८ मिलिमीटर, एल५ मणक्याच्या वरच्या भागामागे खाली सरकलेलं. तुकडा गादीला जोडलेला.
नळी : ग्रेड बी, पिशवी उजवीकडून जास्त दाबलेली.
छिद्रं : उजवं मोकळं, डावं मोकळं.
नसा : उजवी एल५ चेपलेली. उजवी एल४ मोकळी. डाव्या बाजूला स्पर्श नाही.

एल५-एस१ला गादी काळी पडलेली, डावीकडे छोटं प्रोट्रूजन, डाव्या एस१ नसेला स्पर्श, ढकललेली नाही. नळी ए, छिद्रं मोकळी.

हे वाचल्यावर गोष्ट उलगडते. उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाची कळ आणि अंगठा उचलताना आलेली कमजोरी ही एल५ची लक्षणं आहेत, आणि एल५ नेमकी उजवीकडेच चेपलेली दिसते आहे. डाव्या एस१चा स्पर्श खरा आहे, पण डावा पाय दुखतच नाही, त्यामुळे आजच्या दुखण्याशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही. ‘दोन्ही बाजूंच्या नसांवर दाब’ हे वाक्य एकाच वेळी एल५चं चेपणं आणि एस१चा स्पर्श झाकून टाकत होतं.

हे जुळणं शक्य झालं ते साच्याच्या अगदी वरच्या एका चौकटीमुळे, ज्यात रुग्णाचं दुखणं लिहायचं असतं : कोणता पाय, कुठपर्यंत, किती दिवस, ताकद कमी आहे का, लघवीवर ताबा आहे का. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा फक्त ‘कंबरदुखी’ एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मते ही चौकट रिकामी असेल तर चित्र काढण्याआधी तंत्रज्ञाने रुग्णाला दोन मिनिटं विचारून ती भरावी. त्याने रिपोर्टाला जेवढी किंमत येते, तेवढी चांगल्या मशीननेही येत नाही.

साचा असूनही चुका होतात, आणि त्या ओळखता येण्यासारख्या असतात. सर्वांत धोकादायक चूक साच्याच्या सोयीतूनच येते. अनेक ठिकाणी संगणकावर साचा उघडला की सगळ्या ओळींत ‘नॉर्मल’ आधीच भरलेलं असतं आणि डॉक्टर फक्त बदल करतात. पन्नास रिपोर्टांच्या दिवशी एखादी ओळ बदलायची राहून जाते. मग वर ‘उजवी एल५ चेपलेली’ असं असतं आणि खाली ‘सर्व नसा मोकळ्या’. असं परस्परविरोधी वाक्य दिसलं की समजावं, ही ओळ कुणी वाचलेली नाही. मी स्वतः रिकाम्या चौकटींच्या बाजूचा आहे. उत्तर टाइप करावं लागलं तर त्या जागेकडे डोळे जातात.

दुसरी चूक डाव्या-उजव्याची. आडव्या चित्रांत रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे दिसते, आणि थकल्यावर हात चुकतो. शेवटच्या निष्कर्षात लिहिलेली बाजू वरच्या ओळीतल्या बाजूशी आणि दुखऱ्या पायाशी जुळते का, हे पाहणं हा त्यावरचा सोपा तपास आहे. रुग्णही तो करू शकतो. पाय उजवा दुखतो आणि निष्कर्षात फक्त डावी बाजू आहे, असं दिसलं तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा मर्यादेची आहे. एमआरआय माणूस आडवा झोपलेला असताना काढला जातो. वाकलं की बरं वाटतं, उभं राहून चाललं की पाय भरून येतात, अशी तक्रार असणाऱ्या वयस्कर लोकांत उभं राहिल्यावर नळी आणखी आवळते. झोपलेल्या चित्रात ती थोडी मोकळीच दिसते. त्यामुळे ग्रेड बी आला म्हणजे त्रास नाहीच, असं म्हणता येत नाही. शिवाय काप साधारण ४ मिलिमीटर जाडीचे असतात. ८ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटर यांतला फरक सुधारणा म्हणून वाचणं धोक्याचं आहे.

पण सगळ्यांत मोठी मर्यादा अशी की साचा प्रामाणिकपणे भरला की रिपोर्ट लांबतो, आणि त्यात पुष्कळ ‘दोष’ दिसू लागतात. हे दोष किती सर्रास आहेत, ते १९९४ साली ठळकपणे पुढे आलं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचा एमआरआय काढला, तर त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना किमान एका जागी बल्ज होता आणि २७ टक्क्यांना प्रोट्रूजन. एक्स्ट्रूजन मात्र फक्त १ टक्का. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० दुखणं नसलेल्या माणसांचा हिशोब मांडला गेला. विशीतल्या लोकांत ३० टक्क्यांना बल्ज होता, ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांना. गादीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीला ९६ टक्के.

हे आकडे पाहून अनेकांच्या मनात आलं की रिपोर्टाच्या तळाशीच एक ओळ टाकावी : ‘तुमच्या वयात हे बदल दुखणं नसलेल्या इतक्या टक्के लोकांत आढळतात.’ अमेरिकेत ही कल्पना खरोखर तपासली गेली, दोन लाखांहून अधिक रुग्णांवर. २०२० साली निकाल आला. त्या ओळीमुळे पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं आणि उपचार एकूण कमी झाले नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण मात्र थोडं घटलं. मला यातून एवढं कळतं की टक्केवारीने माणसाची काळजी कमी होत नाही. त्याला हवं असतं ते त्याच्या दुखण्याचं कारण, आणि ते सांगायची जागा साच्याच्या शेवटी असते.

ती जागा म्हणजे निष्कर्ष. वरच्या सगळ्या ओळी त्यात पुन्हा लिहायच्या नसतात. दुखण्याशी जुळणारी एक गोष्ट पहिल्या ओळीत. आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत ती अशी असेल : एल४-५ला उजव्या बाजूचं खाली सरकलेलं एक्स्ट्रूजन, उजवी एल५ नस चेपलेली, हे उजव्या पायाच्या लक्षणांशी जुळतं. दुसऱ्या ओळीत एल३-४ आणि एल५-एस१चे सौम्य बदल, या वयात नेहमी आढळणारे. तिसऱ्या ओळीत नसलेल्या गोष्टी : हाड मोडलेलं नाही, जंतुसंसर्ग किंवा गाठ नाही, मज्जारज्जूचं टोक नेहमीच्या जागी. या तीन ओळींत घाबरण्यासारखं आणि न घाबरण्यासारखं वेगळं होतं.

एका बाबतीत मात्र रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहायची नसते. मोठ्या मधल्या तुकड्याने पिशवीतल्या सगळ्याच मुळांना दाबलं असेल, आणि रुग्णाला बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा लघवी सुटण्याचा-अडकण्याचा त्रास असेल, तर ती कॉडा इक्विनाची निकड असते. चित्र पडद्यावर असतानाच फोन उचलून पाठवणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं आणि कधी, कुणाशी बोललो ते रिपोर्टात लिहायचं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

त्या शेतकऱ्याला असं काही नव्हतं. अंगठ्याची कमजोरी सौम्य असेल आणि वाढत नसेल, तर डॉक्टर बहुधा औषधं, थोडी विश्रांती आणि मग व्यायाम असाच मार्ग धरतात, आणि ताकदीवर लक्ष ठेवतात. इथे एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. मोठा दिसणारा तुकडा आपोआप आक्रसण्याची शक्यता लहान बल्जपेक्षा जास्त असते. जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेतला गेला, त्यात पूर्ण सुटलेले तुकडे ९६ टक्के आणि एक्स्ट्रूजन ७० टक्के रुग्णांत लहान झालेले आढळले, प्रोट्रूजन ४१ टक्के आणि बल्ज केवळ १३ टक्के. हद्दीबाहेर पडलेला भाग शरीराला परका वाटतो आणि त्याच्या पेशी त्याला हळूहळू संपवतात.

दुखणं गेलं तर दुसरा एमआरआय काढायची गरज सहसा नसते. पण दुखणं राहिलं, किंवा ताकद कमी होत गेली, आणि तीन-चार महिन्यांनी तो काढावा लागला, तर पहिला रिपोर्ट साच्यातला असल्याचा फायदा तेव्हा दिसतो. मशीन वेगळं असेल, वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरातला असेल, तरी तो थेट एल४-५च्या चार ओळी समोर ठेवतो : एक्स्ट्रूजन ८ मिलिमीटरचं ३ झालं, नळी बीची ए झाली, उजवी एल५ आता चेपलेली नाही, फक्त स्पर्श आहे. आणि पाय तरीही तसाच दुखत असेल, तर तो उजव्या छिद्राच्या ओळीकडे आणि शेजारच्या पातळ्यांकडे पुन्हा वळतो, कारण पहिल्या रिपोर्टात तिथे ‘मोकळं’ असं लिहिलेलं आहे आणि त्याच्याशी आजचं चित्र ताडून पाहता येतं.